सोडून गेलेल्या सहकाऱ्याची सीट काढायची आहे, पण त्याच्या फाइल्स जाऊ द्यायच्या नाहीत

प्रश्न: आमची नऊ जणांची फर्म आहे, गुगल वर्कस्पेस वापरतो. दीड महिन्यापूर्वी एक सहकारी नोकरी सोडून गेला. त्याची सीट अजून चालू आहे आणि बिलात येते. खातं डिलीट केलं तर त्याने बनवलेल्या शीट्स आणि शेअर केलेले फोल्डर जातील का? नुसतं सस्पेंड केलं तर पैसे वाचतील का? ॲडमिन मीच आहे, आयटीचा माणूस कोणी नाही.

उत्तर:

सस्पेंड केल्याने बिल जराही कमी होत नाही. सस्पेंड केलेल्या युजरचं लायसन्स चालू युजरइतकंच मोजलं जातं. आणि डेटा दुसऱ्याकडे न सोपवता डिलीट केलंत, तर त्याच्या मालकीच्या फाइल्स खात्याबरोबर जातात, इतरांशी शेअर केलेल्यासुद्धा. डिलीट केल्यापासून 20 दिवसांपर्यंत खातं परत आणता येतं. त्यानंतर नाही.

म्हणून डिलीट ही शेवटची पायरी ठेवा. त्याचा प्रवेश आजच्या आज बंद करा. मधल्या काळात फाइल्स, मेल आणि त्या खात्यावर चालणाऱ्या बाकीच्या गोष्टी एकेक करून सोडवून घ्या.

आधी मालकीचं समजून घेऊ, कारण बहुतेकांची गफलत तिथेच होते. ‘माय ड्राइव्ह’मध्ये फोल्डर ज्याचं, त्यातल्या फाइल्सही त्याच्याच, असं नसतं. फाइल ज्याने बनवली किंवा अपलोड केली, तो तिचा मालक. समजा ‘कोटेशन’ नावाचं फोल्डर तुमचं आहे, तुम्ही ते सगळ्यांशी शेअर केलंय, आणि त्या सहकाऱ्याने, त्याला विनायक म्हणू, त्यात तीन वर्षं शीट्स बनवल्या. फोल्डर तुमच्या ड्राइव्हमध्ये दिसतं, शीट्स तुम्ही रोज उघडता, पण मालक विनायकच. त्याचं खातं गेलं की फोल्डर जागेवर राहील आणि आतल्या शीट्स नाहीशा होतील. ‘शेअर्ड ड्राइव्ह’मध्ये हा धोका नाही, तिथल्या फाइल्स संस्थेच्या मालकीच्या असतात. तुमचं सगळं काम आधीपासून शेअर्ड ड्राइव्हमध्ये होत असेल तर निम्मं ओझं आत्ताच उतरलं. पण छोट्या ऑफिसांत सहसा सगळं कुणा ना कुणाच्या माय ड्राइव्हमध्येच साठलेलं सापडतं.

किती फाइल्स अडकल्यात हे पाहायला तुमच्या ड्राइव्हच्या सर्चमध्ये हे टाका:

```
owner:vinayak@example.com
```

पत्ता अर्थातच त्याचा खरा घाला. यात फक्त तुमच्याशी शेअर केलेल्या फाइल्स दिसतील. त्याने दुसऱ्या सहकाऱ्याशी परस्पर शेअर केलेल्या किंवा कुणाशीच शेअर न केलेल्या फाइल्स इथे येणार नाहीत. तरी अंदाज येतो. हाच सर्च त्याच्या खासगी जीमेल पत्त्यानेही करून पाहा. लोक घरून काम करताना चुकीच्या खात्यातून फाइल बनवतात आणि ऑफिसच्या फोल्डरमध्ये टाकतात. अशा फाइलची मालकी तुमच्या संस्थेबाहेर असते आणि ॲडमिन कन्सोलमधून तिला हात लावता येत नाही. ती सापडली तर लगेच `Make a copy` करून प्रत आपल्याकडे ठेवा आणि यापुढे प्रतीवरच काम करा. मूळ फाइलचा ॲक्सेस तो हवा तेव्हा काढून घेऊ शकतो.

आता प्रवेश बंद करणं. ॲडमिन कन्सोलमध्ये `Directory > Users` मधून त्याचं नाव उघडा. त्याला कधीकाळी ॲडमिनचे अधिकार दिले होते का, हे सगळ्यात आधी पाहा. छोट्या ऑफिसात ‘एक जण रजेवर असला तर दुसरा असू दे’ म्हणून दोघांना सुपर ॲडमिन केलेलं असतं आणि नंतर ते कुणाच्या लक्षात राहत नाही. असेल तर तो रोल काढा. मग पासवर्ड बदला. `Security` भागात रिकव्हरी फोन आणि ईमेल काढून टाका, साइन-इन कुकीज रिसेट करा, ॲप पासवर्ड असतील तर रद्द करा. नुसता पासवर्ड बदलून थांबू नका. खात्याला जोडलेलं एखादं बाहेरचं ॲप हे वेगळं दार असू शकतं.

त्याच पानावर जोडलेल्या ॲप्सची यादी असते. ती रद्द करण्याआधी टिपून ठेवा, तिचा उपयोग पुढे आहे.

सस्पेंड करायचं की नाही? सस्पेंड केलं की लॉगिन बंद होतं आणि शेअर केलेल्या फाइल्स बाकीच्यांना दिसत राहतात, इथवर छान. पण त्या पत्त्यावर येणारं नवं मेल स्वीकारलं जात नाही. विनायक ग्राहकांशी थेट बोलत असेल तर ग्राहकांची पत्रं परत जातील, आणि ते तुम्हाला कळणारही नाही. म्हणून मेल येतं असं खातं मी सस्पेंड करत नाही. वर सांगितल्याप्रमाणे सगळी दारं बंद करतो आणि खातं चालू ठेवून आवराआवर करतो. बिल दोन्हीकडे तेवढंच आहे. सोडताना वाद झाला असेल किंवा खातं अजून कोणीतरी वापरतंय असा संशय असेल, तर मात्र आधी सस्पेंड करा आणि मेलचं नंतर पाहा.

तुमच्या बाबतीत तातडीची एक गोष्ट आहे: ट्रॅश. मालकी हस्तांतरित करताना ट्रॅशमधल्या फाइल्स पुढे जात नाहीत. शेवटच्या दिवशी ‘जरा साफसफाई’ करून जाणारे बरेच असतात. त्यात वाईट हेतू असतोच असं नाही, आपला पसारा आवरतोय असं त्यांना वाटतं. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये टाकलेली फाइल 30 दिवसांनी आपोआप कायमची जाते. त्यानंतर आणखी 25 दिवस ॲडमिनला ती परत आणता येते. आता हिशेब करा. विनायक दीड महिन्यापूर्वी, म्हणजे साधारण 45 दिवसांपूर्वी गेला. शेवटच्या दिवशी ट्रॅशमध्ये टाकलेल्या फाइल्स 15 दिवसांपूर्वी तिथून गेल्या. ॲडमिनच्या हातात अजून 10 दिवस आहेत. पण जाताना त्याने स्वतःच ट्रॅश रिकामा केला असेल, तर 25 दिवसांची मुदत केव्हाच संपली.

यासाठी युजरच्या पानावर `Restore data` हा पर्याय आहे. त्यात ड्राइव्ह किंवा जीमेल निवडता येतं आणि तारखांची कक्षा द्यावी लागते. फाइल्स मूळ जागी परत येतात. हे काम खातं अस्तित्वात असतानाच होतं, म्हणून हस्तांतराच्या आधी करा. काहीच हरवलेलं दिसत नसलं तरी एकदा करून घ्या. जादा फाइल्स आल्या तर नंतर काढता येतील.

यानंतर त्याच्या खात्यात स्वतः एकदा लॉगिन करून पाहावं लागतं. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू असेल तर ॲडमिन कन्सोलमधूनच बॅकअप कोड मिळतात. इथे एक सांगून ठेवतो. ऑफिसचं खातं असलं तरी त्यात त्याची खासगी पत्रं असू शकतात. कामापुरतंच पाहा, आणि संबंध चांगले असतील तर ‘हस्तांतरासाठी खातं उघडतोय’ असं त्याला कळवा. नियुक्तिपत्रात किंवा ऑफिसच्या नियमांत याबद्दल काही लिहिलेलं असेल तर ते आधी वाचा.

आत गेल्यावर सगळ्या फाइल्स वाचत बसायचं नसतं. जे मालकीबरोबर आपोआप पुढे जात नाही, ते शोधायचं असतं. त्यात नेहमी सापडणारी तीन प्रकरणं सांगतो.

पहिलं, ॲप्स स्क्रिप्ट. शीटमध्ये एखादी स्क्रिप्ट दररोज सकाळी चालून थकबाकीची मेल पाठवत असेल, तर तिचा ट्रिगर ज्याने लावला त्याच्या खात्यावर चालतो. शीटची मालकी तुमच्याकडे आली तरी ट्रिगर येत नाही, खातं गेलं की तो थांबतो. एरर तुमच्यापर्यंत येत नाही, मेल मात्र यायची बंद होते. पंधरा दिवसांनी कोणीतरी विचारतं, ‘हल्ली ती यादी का येत नाही?’ त्याच्या खात्यातून `script.google.com` उघडा, तिथे `My Triggers` मध्ये सगळे ट्रिगर एका जागी दिसतात. प्रत्येकाची वेळ आणि फंक्शनचं नाव लिहून घ्या आणि नव्या मालकाच्या खात्यातून तोच ट्रिगर पुन्हा लावा. नवा चालतोय याची खात्री झाली की जुना काढा, नाहीतर काही दिवस ग्राहकांना एकच मेल दोनदा जाईल.

दुसरं, एका शीटमधून दुसऱ्या शीटमध्ये आकडे ओढणारं `IMPORTRANGE`. ‘Allow access’ हे बटण ज्याने दाबलं, त्याच्या परवानगीवर ती जोडणी उभी असते. मूळ शीटवरून त्या माणसाचा ॲक्सेस गेला की जोडणी तुटते आणि सेलमध्ये `#REF!` दिसायला लागतं. दुरुस्ती सोपी आहे, दोन्ही शीट्सचा ॲक्सेस असलेल्या माणसाने ते बटण पुन्हा दाबायचं. पण महिन्याचा ताळमेळ याच आकड्यांवर असेल तर ज्या शीट्समध्ये हे सूत्र आहे त्यांची यादी आत्ताच करून ठेवा.

तिसरं, गुगल फॉर्म. फॉर्म आणि त्याची उत्तरं मालकीबरोबर व्यवस्थित पुढे जातात. मात्र ‘नवं उत्तर आलं की मला मेल करा’ ही सोय ज्याने चालू केली त्याच्यापुरतीच असते. वेबसाइटवरचा चौकशीचा फॉर्म विनायकने बनवला असेल, तर चौकशा शीटमध्ये जमा होत राहतील आणि कुणालाच कळणार नाही. नव्या मालकाने फॉर्म उघडून ती सूचना स्वतःसाठी चालू करायची.

मघाशी टिपून ठेवलेली जोडलेल्या ॲप्सची यादी आता घ्या. ‘साइन इन विथ गुगल’ वापरून विनायकने कुठकुठे खाती उघडली ते त्यातून कळतं: डोमेन जिथे घेतलंय ती साइट, जाहिरातींचं खातं, इनव्हॉइसचं सॉफ्टवेअर, डिझाइनचं ॲप. वर्कस्पेसचं हस्तांतर या बाहेरच्या सेवांपर्यंत पोहोचत नाही. ॲनालिटिक्स किंवा यूट्यूबसारख्या गुगलच्याच काही सेवाही त्यात येत नाहीत. प्रत्येक ठिकाणी त्याच्या खात्यातून जाऊन तुम्हाला ॲडमिन किंवा मालक करून घ्या, मग तुमच्या लॉगिनने खरंच आत जाता येतंय का ते तपासा. डोमेनची साइट यात पहिली घ्या. नूतनीकरणाची सूचना बंद पडलेल्या पत्त्यावर गेली आणि डोमेनची मुदत संपली, तर सगळ्यांचंच मेल थांबेल.

आता प्रत्यक्ष हस्तांतर. `Apps > Google Workspace > Drive and Docs` मध्ये `Transfer ownership` आहे. तिथे जुना आणि नवा पत्ता द्यायचा. नवा मालक म्हणून त्याच्या जागी आलेल्या माणसाचं नाव द्यायचा मोह होतो. तो टाळा, कारण तोही कधीतरी जाईल आणि हेच सगळं पुन्हा करावं लागेल. फर्मच्या मालकाचं खातं द्या. तुमच्या प्लॅनमध्ये शेअर्ड ड्राइव्ह असेल तर हस्तांतर झाल्यावर कामाच्या फाइल्स तिकडे हलवा.

हस्तांतराने फाइलची लिंक बदलत नाही, कारण फाइल तीच राहते. ज्यांच्याशी शेअर केलेली होती त्यांचा ॲक्सेसही टिकतो. नव्या मालकाच्या माय ड्राइव्हमध्ये जुन्या पत्त्याच्या नावाचं फोल्डर दिसायला लागतं. काम संपल्याचं मेल येतं. तोवर, आणि आल्यावरही, डिलीटकडे वळू नका. आधी पडताळा. विनायकच्या खात्यात जाऊन सर्चमध्ये `owner:me` टाका. काहीच उरलं नसेल तर झालं. उरलेल्या फाइल्स दिसल्या तर त्या का राहिल्या ते पाहा. मग ‘कोटेशन’ फोल्डरमधल्या चार-पाच शीट्स दुसऱ्या एखाद्या सहकाऱ्याला उघडून आणि बदलून पाहायला सांगा. तुम्ही स्वतः पाहून उपयोग नाही, आता मालक झाल्यामुळे तुम्हाला सगळंच दिसणार.

डिलीट करतानाच्या खिडकीतही ड्राइव्ह, कॅलेंडर वगैरे दुसऱ्याकडे देण्याचा पर्याय येतो. मग आधी वेगळं हस्तांतर कशाला, असं वाटेल. कारण त्या मार्गाने पडताळायला मध्ये वेळच मिळत नाही. शिवाय तिथे कुणाशीही शेअर न केलेल्या फाइल्ससाठी वेगळी खूण करावी लागते. ती राहिली तर विनायकने एकट्यापुरत्या ठेवलेल्या कामाच्या शीट्स मागेच राहतील. ती खिडकी मी कॅलेंडरपुरती वापरतो: पुढच्या तारखांच्या आणि इतर पाहुणे असलेल्या बैठका त्यातून नव्या माणसाकडे जातात. टीमसाठी बनवलेलं वेगळं कॅलेंडर असेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये आधीच तुम्हाला पूर्ण अधिकार देऊन ठेवा.

मेलचे दोन भाग आहेत, जुनं साठलेलं आणि पुढे येणारं. जुन्यासाठी त्याच्या खात्यातून `takeout.google.com` वर फक्त मेल निवडून संग्रह उतरवून घ्या. तो एमबॉक्स प्रकारच्या फाइलमध्ये मिळतो आणि थंडरबर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये पूरक जोडणी घालून वाचता येतो. रोज लागणारी पत्रव्यवहाराची साखळी असेल तर ती सरळ संबंधित माणसाला फॉरवर्ड केलेली बरी, संग्रह उघडायला सहसा कोणी जात नाही.

पुढे येणाऱ्या मेलसाठी त्याच्या पत्त्याचा ग्रुप बनवायचा. त्यात एक अडचण आहे. एक पत्ता एका वेळी एकाच गोष्टीला देता येतो, म्हणून तो आधी खात्यापासून सोडवावा लागतो. बाहेरच्या सेवांचं काम पूर्ण झाल्यावर खात्याचं नाव `old-vinayak@example.com` असं बदला. जुना पत्ता आपोआप त्याच खात्याचा उपनामी पत्ता होऊन बसतो, तो काढा. मग `vinayak@example.com` या पत्त्याचा ग्रुप तयार करा आणि ज्यांनी ती पत्रं पाहायची त्यांना सदस्य करा. ग्रुपच्या सेटिंगमध्ये संस्थेबाहेरच्या लोकांना पत्र पाठवायची परवानगी द्यायला विसरू नका, नाहीतर आतली पत्रं पोहोचतील आणि ग्राहकांची परत जातील. बाहेरच्या एखाद्या पत्त्यावरून चाचणी मेल पाठवून पाहा. ग्रुपला सीट लागत नाही. या क्रमाचा आणखी एक फायदा असा की डिलीटनंतर 20 दिवसांत खातं परत आणायची वेळ आली, तर त्याचा पत्ता आणि ग्रुपचा पत्ता एकमेकांच्या आड येत नाहीत.

हे सगळं झाल्यावर मी खातं आणखी एखादा आठवडा तसंच ठेवतो, शक्यतो महिनाअखेर मध्ये येईल असं. महिन्यातून एकदाच चालणारी शीट किंवा स्क्रिप्ट त्याशिवाय उघडी पडत नाही. मग डिलीट. त्यानंतरच्या 20 दिवसांत काही सापडेनासं झालं तर `Directory > Users` मध्ये नुकत्याच डिलीट केलेल्या युजरांची यादी लावून खातं परत आणता येतं. त्यासाठी एक लायसन्स मोकळं असावं लागतं.

डिलीट करायची हिंमतच होत नसेल, किंवा वाद चालू असल्याने डेटा जसाच्या तसा ठेवणं भाग असेल, तर ‘आर्काइव्ह्ड युजर’ नावाचं वेगळं लायसन्स आहे. ते नेहमीच्या सीटपेक्षा स्वस्त पडतं. खातं गोठतं, लॉगिन आणि नवं मेल बंद होतं, डेटा राहतो. पण बिल दर महिन्याला येतच राहतं. साध्या राजीनाम्यासाठी मी ते सुचवणार नाही.

शेवटी बिल. युजर डिलीट केला म्हणजे सीट कमी झालीच, असं नाही. `Billing > Subscriptions` मध्ये तुमचा प्लॅन पाहा. लवचीक प्लॅन असेल तर युजर गेल्यावर बिल उतरतं. वार्षिक करार असेल तर करार संपेपर्यंत नऊ सीट्सचेच पैसे लागतात. मोकळी सीट नव्या माणसाला देता येते, पण संख्या नूतनीकरणाच्या वेळीच कमी करता येते. तसं असेल तर घाईने डिलीट करून तुमचं काहीच वाचणार नाही. दारं बंद करा आणि बाकीचं निवांत उरका.

सीट कमी करण्याआधी साठवणुकीचाही हिशेब घाला. जागा सगळ्यांची मिळून एकत्र मोजली जाते. बिझनेस स्टार्टरमध्ये दर युजरमागे 30 जीबी, म्हणजे नऊ जणांचे 270 जीबी. आठ सीट्स झाल्या की 240. विनायकच्या फाइल्स तुमच्याकडे आल्या म्हणजे त्या कुठे गेल्या नाहीत, एकूण वापर जवळपास तेवढाच राहिला, फक्त त्याचं मेल वजा झालं. आज वापर 250 जीबी असेल आणि त्याच्या मेलचे 5 जीबी गेले, तरी 245 उरतात आणि मर्यादा ओलांडली जाते. त्याचे जुने व्हिडिओ आणि एकाच फाइलच्या चार-चार प्रती सीट उतरवण्याआधीच काढून टाका.